दुखत नाही म्हणून आईने साडेतीन महिने गाठ लपवली

"छातीत गाठ लागली तर घाबरू नका. दुखत नसेल तर ती साधी चरबीची गाठ असते, कॅन्सरची गाठ दुखते. घराण्यात कुणाला नसेल तर आपल्याला होत नाही. आणि सुई टोचून तपासणी अजिबात करू नका, सुईने कॅन्सर पसरतो. जास्तीत जास्त मैत्रिणींना पाठवा."

आईच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर आलेलं हे. आईने त्याला स्टार करून ठेवलं होतं, ते मला नंतर कळलं.

मी पुण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे असल्या गाठींचे तुकडे रोज हाताखालून जातात, आणि माझीच आई सांगलीत गप्प बसलेली. फेब्रुवारीत घरी गेले तर कॅलेंडरवर दर रविवारी पेन्सिलने एक टिंब. दुधाचा हिशोब असेल वाटलं, पण दूधवाला तर रोज येतो की. विचारलं तर म्हणाली काही नाही गं, चहा घे आधी. मग रात्री भांडी विसळता विसळता पाठमोरीच बोलली, "दिवाळीत उटणं लावताना गाठ लागली. हरभऱ्याएवढी होती, आता चिंचोक्याएवढी आहे. दुखत नाही पण." चौतीस वर्षं मराठी शाळेत काढलेली बाई, दर रविवारी चाचपून नोंद ठेवत होती, फक्त सांगत नव्हती.

तर पहिलं वाक्यच उलटं आहे. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही, कारण ती हळूहळू वाढते आणि आजूबाजूच्या नसांवर ताण येईपर्यंत बराच काळ जातो. दुखणाऱ्या गाठीत पाण्याची गाठ, पू, पाळीच्या आधीचं दुखणं असली साधी कारणं जास्त. दुखणारी म्हणजे शंभर टक्के साधी असंही नाही हां. न दुखणाऱ्या गाठीही पुष्कळ साध्याच निघतात, पण ते हाताने चाचपून ठरत नाही, आणि पाळी बंद झाल्यावर नवीन आलेली गाठ तर बघत बसायची नसतेच, आई सदुसष्ट वर्षांची आहे.

मी तिला आरशासमोर उभं केलं आणि म्हटलं फळ्याच्या सगळ्यात वरच्या ओळीत लिहितेस तसे हात वर कर. हात खाली असताना काहीच दिसत नव्हतं, वर केल्यावर डावीकडे कातडीला खळी पडली, उशीला टाका घातल्यावर पडते तशी. गाठ आतल्या तंतूंना धरून कातडी ओढत असली की असं होतं. साध्या चरबीच्या गाठीने सहसा असं होत नाही. मला तिथेच धसका बसला, तोंडावर दाखवला नाही.

घराण्याचं म्हणाल तर आईच्या माहेरी-सासरी कुणालाच नव्हता, आणि ज्यांना होतो त्यातल्या बहुतेक बायकांचं हेच उत्तर असतं. आईवडिलांकडून आलेल्या जनुकातल्या दोषामुळे होणारे साधारण ५ ते १० टक्केच. बाई असणं आणि वय वाढणं या दोनच गोष्टी जास्त मोठ्या.

आता सुई. मिरजेला नेलं, मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी झाली, गाठ १.८ सेंमी, रिपोर्टवर बायरॅड्स ५, म्हणजे दिसायला कॅन्सरचीच वाटते पण खात्री तुकडा बघूनच. आई तिथे अडून बसली, "सुई नको, पसरतं म्हणे." डॉक्टर बाईंनी जागा बधिर केली, सोनोग्राफीवर बघत सुई घातली, टक् टक् आवाज येतो तेवढाच, आणि शेवयांच्या तुकड्यांसारखे पाच धागे फॉर्मलिनच्या डबीत. सुईच्या वाटेत चार पेशी सांडू शकतात हे खरं आहे, अफवेला तेवढाच आधार, पण त्या बहुतेक तिथेच मरतात, आणि बायोप्सीमुळे आजार पसरून पेशंट दगावतात असं काही दिसलेलं नाही. उलट सुई न घालता थेट ऑपरेशन केलं तर कुठल्या जातीचा कॅन्सर आहे हेच आधी कळत नाही, आणि काहींना ऑपरेशनच्या आधी केमो लागते ती संधी जाते. बारीक सुईने नुसत्या पेशी काढतात त्यावरून आजूबाजूच्या भागात घुसलाय का हे नीट ठरत नाही, म्हणून धागे लागतात.

आठवड्याने रिपोर्ट आला, कॅन्सरच. काखेत सोनोग्राफीवर गाठी दिसल्या नाहीत. गाठच काढून स्तन ठेवता येईल, मग रेडिएशन, असं डॉक्टर म्हणाल्या. आईने विचारलं, "पूर्ण काढला तर जास्त जगेन का?" अशा लवकरच्या केसमध्ये गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुष्य तेवढंच मिळतं, ते त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं, तो कागद आईने घडी करून पर्समध्ये ठेवलाय.

हार्मोनच्या गोळ्या चालतील का ते ठरवणारी तपासणी त्याच धाग्यांवर होते, तिचा रिपोर्ट सोमवारी आहे. मी रजा वाढवलीये.