हवेचं भाडं

दोनशे रुपये डोअर डिलिव्हरीचे लावले आणि माल मात्र मी ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये उभा राहून टेम्पोत भरून घेतला. टेम्पो मित्राचा, नुसत्या चहावर आलेला. बुकिंगच्या माणसाला विचारलं, "हे दोनशे कसले?" तो बिल्टीवर, म्हणजे मालाच्या वाहतूक पावतीवर, शिक्का मारता मारता म्हणाला, "डिलिव्हरी दारातच दिली की मालक. आमच्या दारात."

यावर मागे बसलेले दोघं हमाल हसले. मी पैसे दिले, कारण बिल्टी 'टू पे' होती आणि 'टू पे'मध्ये पैसे दिल्याशिवाय माल दारातून हलत नाही. पण ते हसणं मी अजून विसरलेलो नाही.

माझं बार्शीत भांड्यांचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून एकाच बिलात तीन प्रकारचा माल आला होता. लोखंडी कढया 90, दर 200. पितळी नळ 60, दर 400. प्लास्टिकचे टब 50, दर 120. कर सोडून 48,000 चा माल. या मालावर गाडीभाडं किती पडलं ते प्रत्येक नगावर टाकायचं आणि मग विक्रीचा भाव लावायचा, एवढंच काम. त्यासाठी बिल्टी वाचता यावी लागते, आणि घोडं पेंड खातं ते तिथेच.

आपल्याला मिळते ती कार्बनखालची शेवटची प्रत. गाडीमालक, ड्रायव्हर, माल पाठवणारा या सगळ्यांच्या प्रती पार करून शाईचा जो काही आत्मा उरतो तो आपल्या कागदावर उतरतो. त्यावर छापलेलं सगळं ठळक असतं. वर ॥ श्री ॥ ठळक, भांडण कुठल्या शहराच्या कोर्टात करायचं ते ठळक, 'माल मालकाच्या जोखमीवर' तर पाच फुटांवरून दिसतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात एवढ्या अटी असतात की त्या लिहिणाऱ्यानेसुद्धा त्या पुन्हा वाचल्या नसतील. पुसट असतात ते फक्त हाताने लिहिलेले आकडे, म्हणजे ज्यासाठी तो कागद असतो तेवढेच.

मी ती उजेडाकडे धरून डोळे बारीक करत होतो, तेव्हा शेजारच्या खोक्यावर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, "इकडे आणा. तीस वर्षं मेडिकलमध्ये काढलीत. डॉक्टरांचं वाचलंय, हे काय मोठं." ते मुलाने पाठवलेल्या कूलरची वाट बघत बसले होते. सगळे त्यांना नाना म्हणत होते, म्हणजे कूलर बराच वेळ येत नसावा.

नानांनी चष्मा कपाळावर चढवला. चष्म्यातून न बघता वाचायचं असतं हे मला नव्यानेच कळलं. बिल्टी नाकाला टेकवून त्यांनी सुरुवात केली. "नग दहा. बरोबर? वजन दोनशे पन्नास. पुढे चारशे पन्नास. हे दोन वेळा आहे."

"दोन वेळा म्हणजे?"

"सकाळी अडीचशे, रात्री साडेचारशे," नाना सवयीने म्हणाले आणि मग स्वतःच गोंधळले. "नाही, पण डोस वाढवलाय बघा मध्येच."

डोस खरंच वाढवलेला होता. पहिल्या रकान्यात खरं वजन, काट्यावरचं. दुसऱ्यात चार्ज्ड वजन, म्हणजे ज्यावर भाडं लावलं ते. मी बुकिंगवाल्याला विचारलं, "माल अडीचशे किलो, भाडं साडेचारशेचं?"

तो आता पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघत म्हणाला, "टब बघितले का तुमचे? पाच बंडलं. एकेक बंडल दोन फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. आठ घनफूट. पाचाचे चाळीस. घनफुटाला सहा किलो धरतो आपण, दोनशे चाळीस झाले. काट्यावर चाळीस किलो भरतील, पण गाडीत जागा किती खाल्ली? टबात हवा बसून आली मालक. तिचं भाडं कोण देणार?"

"मग हवा काढून पाठवायची," नाना म्हणाले.

बुकिंगवाला नाराज झाला नाही. त्याने यावर खरोखर विचार केला. "निघत नाही नाना. एकात एक घातलेत तरी एवढी राहते."

"सुईने?"

"टबाला भोक पडेल."

"मग बुडाला पाडायचं, वर झाकण लावून विकायचं. झाडं लावतात की लोक."

ही चर्चा खूप पुढे गेली. एका हमालानेही भाग घेतला. त्याच्या मते कढया टबांत घालून पाठवायला हव्या होत्या, म्हणजे हवा आपोआप बाहेर गेली असती. हमालाचं म्हणणं त्या दुपारी तिथे बोललं गेलेलं एकमेव शहाणपणाचं वाक्य होतं. बुकिंगवाला लगेच म्हणाला, "मग टब फुटले तर मालकाची जोखीम." तेवढं छापलेलं होतंच.

मला हसू येत होतं आणि रागही. राग यासाठी, की दर, माप, सहा किलोचा हिशोब यातलं काहीच बिल्टीवर लिहिलेलं नव्हतं. नुसतं लिहिलेलं होतं: भाडं, मग एक आकडा, जो नानांच्या मते 1800 होता आणि माझ्या मते 1300. पण इथे एक युक्ती चालते. भाडं भागिले चार्ज्ड वजन करायचं. 1800 ला 450 ने भागलं की किलोला बरोबर चार रुपये येतात, आणि चार रुपये हा आमचा ठरलेला दर आहे. 1300 ला भागलं तर दोन रुपये एकोणनव्वद पैसे येतात, आणि असा दर जगात कोणी लावत नाही. हमालीचंही तसंच. ती 150 की 750 कळत नव्हती. बिल्टीवरच्या दहा नगांनी, म्हणजे दहा खोक्या-बंडलांनी, भागली की पंधरा रुपये नग, म्हणजे 150. मग बिल्टी चार्ज 50, डोअर डिलिव्हरीचे ते दोनशे, आणि खाली बेरीज 2200. बेरीज जुळली की समजायचं आकडे बरोबर वाचलेत. जुळली नाही तर नानांना बोलवायचं.

जीएसटीच्या रकान्यात 'माल घेणारा' यावर टिक होती, म्हणजे 5 टक्के कर मीच सरकारात भरायचा. त्याचं क्रेडिट मला मिळतं, म्हणून तो मालाच्या किमतीत धरायचा नाही. एवढी एकच गोष्ट त्या कागदावर सरळ होती.

घरी आल्यावर आमच्या हिशेबनिसाने नेहमीचा सल्ला दिला, "सगळे 2200 गाडीभाडे खात्याला टाका, वर्षअखेरीला नफा तेवढाच येतो." सगळा माल विकला गेला तर येतोही. पण निम्मा माल गोडाऊनला पडून राहिला की त्याचं भाडं या वर्षीच्या खर्चात जातं आणि शिल्लक माल कमी किमतीचा दिसतो. शिवाय टब किती रुपयांना पडला हे कुठेच कळत नाही. मला तेच हवं होतं.

संगणकातला प्रोग्रॅम भाडं दोनच प्रकारे वाटून देतो, नगांवर नाहीतर किमतीवर. नगांवर वाटलं तर 200 सुट्या नगांना प्रत्येकी 11 रुपये. कढईलाही 11, नळालाही 11. हा समाजवाद झाला. किमतीवर वाटलं तर नळाला 18.33, कढईला 9.17 आणि टबाला 5.50. नळ महाग म्हणून त्याने जास्त द्यायचं, जरी तो बिचारा एका खोक्यात तीस किलोत गपचूप आलाय.

मग मी वही घेतली. कढया 180 किलो, नळ 30, टब हवेसकट 240. ही वजनं व्यापाऱ्याच्या पॅकिंग लिस्टमध्ये असतात; नसली तर आपल्या काट्यावर करायची, टबांना टेप लावायची. भाड्याचे 1800 या वजनांवर वाटले, किलोला चार. हमाली वजनावर नाही लावायची, ती नगावर घेतलेली असते: कढयांचे चार नग, नळाचा एक, टबांचे पाच, प्रत्येकी पंधरा. राहिलेले 250 पुन्हा चार्ज्ड वजनावर. यात ते दोनशेही आले. न झालेल्या डिलिव्हरीचे पैसे मालाच्या किमतीत घालताना हात जड झाला, पण खिशातून तर गेलेच होते.

बेरीज केली तेव्हा कढईला 9.78 आले, नळाला 2.53 आणि टबाला 23.37. प्रोग्रॅमच्या साडेपाच रुपयांऐवजी तेवीस! म्हणजे 120 चा टब मला 143.37 ला पडला होता, आणि मी तो कैक महिने 140 ला विकत होतो. वर "चालतो हा माल" असं म्हणतही होतो. चालणारच. तोट्यात काय वाटेल ते चालतं.

खऱ्या वजनावर वाटलं असतं तरी टबाला सातच रुपये आले असते आणि कढईवर साडेसतरा. म्हणून दुसऱ्या रकान्यातला तो साडेचारशे वाचता येणं महत्त्वाचं. पहिल्या आणि दुसऱ्या वजनात जेवढा फरक, तेवढी हवा. आणि ती कुठल्या मालात बसून आली ते शोधून भाडं त्याच मालाच्या डोक्यावर घालायचं. सगळ्यांनी मिळून सोसायची नाही.

टबाचा भाव आता 165 केलाय. नळ पंधरा रुपयांनी उतरवला. समोरचा दुकानदार टब अजून 140 लाच देतो. त्याचा माल त्याच गाडीने येतो, तोच बुकिंगवाला, तेच सहा किलो घनफूट. त्याला एकदा समजावून सांगायला गेलो, तर म्हणाला, "तुमचा हिशोब तुम्हाला लखलाभ, माझा टब संपतोय." लोक टब त्याच्याकडून घेतात आणि तेच लोक तिथून निघून नळ माझ्याकडे घ्यायला येतात, टब डोक्यावर ठेवून. मी त्यांना टबाचा भाव विचारत नाही. तो माणूस भलताच खूश आहे आणि मलाही त्याचं दुकान असंच चालावं असं मनापासून वाटतं.