‘लिहून देणे’ हाच शब्द का ठेवला: एका प्रतिक्रियेला उत्तर

*“कराराच्या पानाचं मराठी करून त्या मुलीला तुम्ही खोटा आधार देताय. सही इंग्रजी पानावरच होणार ना? शिवाय ‘असाइन’साठी ‘अभिहस्तांकन’ हा शब्द असताना तुम्ही ‘लिहून देणे’ असं घरगुती काहीतरी लिहिलंय. ‘रिव्हिजन’ला ‘दुरुस्ती’ म्हटलंय. आणि ‘इन परपेच्युइटी’ तर चक्क गाळलंय.”*

ओळखीच्या एका डिझायनर मुलीला ग्राहकाकडून आलेल्या इंग्रजी कराराचं मी मराठी भाषांतर करून दिलं होतं, त्यावर ही प्रतिक्रिया आली. शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे माझी चूक आहे आणि ती किरकोळ नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत धरतात. ‘इन परपेच्युइटी’ म्हणजे कायमचे. तेव्हा ‘कायमचे आणि जगभर’ हे शब्द तिथे असणं किंवा नसणं यावर ती किती देऊन बसते हे ठरतं. मी ते भरताड समजून सोडून दिले होते. आता भाषांतरात घातले आहेत आणि तिलाही फोन करून सांगितलं आहे.

‘लिहून देणे’ मात्र मी बदलणार नाही. कुठलंही जुनं खरेदीखत काढा, त्यात ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असेच दोन पक्ष असतात. ‘आजोबांनी जमीन लिहून दिली’ म्हटलं की ती परत येणार नाही, हे घरातल्या पोरालाही कळतं. कायद्याचं म्हणणंही तेच आहे: कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर लेखी कागद हवा आणि देणाऱ्याची सही हवी. ‘अभिहस्तांकन’ बरोबरच आहे, पण बावीस वर्षांची मुलगी तो शब्द वाचून पुढे जाते. ‘लायसन्स’ला मी ‘वापरायला देणे’ म्हटलं आहे, म्हणजे घर विकणं आणि भाड्याने देणं यातला फरक आपोआप दिसतो.

आता खोट्या आधाराबद्दल. काम होतं लोणच्याच्या बाटलीच्या लेबलचं, एकूण ४५,००० रुपयांचं. निम्मे आगाऊ, ११,२५० पहिला आराखडा पसंत पडल्यावर आणि उरलेले ११,२५० अंतिम मंजुरीनंतर. इंग्रजी पान तिने दोनदा वाचलं होतं आणि तिला त्यात काही खटकलं नव्हतं. मराठीत ‘काम तयार होताक्षणी, प्राथमिक कल्पनांसह, ग्राहकाच्या मालकीचे होईल’ हे वाक्य आलं आणि ती थांबली. म्हणाली, “काका, मग त्यांनी शेवटचे पैसे दिलेच नाहीत तर?” तिने दाखवलेल्या तीन कल्पनांपैकी नाकारलेल्या दोनही त्यांच्याच होणार होत्या, हेही तिला तेव्हाच दिसलं.

ते कलम अमेरिकन नमुन्यातून उचललेलं होतं, ‘वर्क मेड फॉर हायर’, म्हणजे काम पहिल्यापासूनच करवून घेणाऱ्याचं, या शब्दांसकट. आपल्याकडे नोकरीत केलेलं काम, वेगळं ठरलेलं नसेल तर, मालकाचं होतं. ती नोकर नाही, म्हणून लिहून देईपर्यंत लेबलचा हक्क सहसा तिचाच. सहसा म्हणतोय, कारण पैसे देऊन सांगून करून घेतलेला फोटो, पेंटिंग किंवा पोर्ट्रेट कायदा वेगळा धरतो, आणि तिच्या लेबलवर हाताने रंगवलेली कैरी आहे. त्यावरून समोरचा वाद घालू शकतो. म्हणूनच हे कागदावर स्पष्ट हवं. तिने बदल मागितला तो इंग्रजीतच: ‘पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावर, आणि फक्त निवडलेले अंतिम डिझाइन’ लिहून देईन. त्यांनी तो मान्य केला. सही इंग्रजी पानावरच झाली, पण वेगळ्या इंग्रजी पानावर.

‘दुरुस्ती’बद्दल तुम्ही म्हणता ते पटलं. लेबलवर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक असतो. त्यांनी बरोबर पाठवलेला क्रमांक टाइप करताना तिच्याकडून एक अंक चुकला, तर ती दुरुस्ती. ती तिने फुकट करायची आणि मोजायची नाही. त्यांना हिरव्याऐवजी पिवळा रंग हवासा वाटला, तर तो बदल. करारातल्या दोन फेऱ्या या बदलांच्या आहेत. मी दोन्हींना एकच शब्द वापरल्याने ते दोन्ही एकाच हिशोबात गेले असते. आता ‘बदलाची फेरी’ लिहिलं आहे, आणि फेरी म्हणजे सगळ्या सूचना एकत्र करून पाठवलेला एक मेल, असंही. सकाळी व्हॉट्सॲपवर एक सूचना, रात्री दुसरी, असं सुरू झालं की कितवी फेरी चालू आहे यावरच भांडण होतं.

आणि जोवर फेऱ्या संपत नाहीत तोवर अंतिम मंजुरी येत नाही, म्हणजे ११,२५० अडकून राहतात. त्यासाठी एक वाक्य वाढवून घेतलं: अंतिम फाइल पाहायला दिल्यापासून ७ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर मंजुरी मिळाली असं धरायचं. ‘लेखी’मध्ये व्हॉट्सॲप धरायचं का, हे मात्र आम्ही लिहून घेतलेलं नाही. तुमचा कोर्टाचा अनुभव असावा असं वाटतं. तिथे कोणते शब्द घालावेत ते सांगितलंत तर पुढच्या करारात घालू.