फ्लोट शेवटाला ढकलल्याने मजुरांचा आकडा सपाट होत नाही

“क्रिटिकल पाथवर नसलेली सगळी कामे त्यांच्या शेवटच्या तारखांना ढकला. रोजच्या मजुरांचा आकडा आपोआप सपाट होतो, मजुरी वाचते आणि मुदतीलाही धक्का लागत नाही.”

कामाचे वेळापत्रक आखताना मिळणाऱ्या या सल्ल्यातले पहिले विधान तपासायला एक छोटे काम घेऊ. गुहागरच्या बाजूला एका घराचे जोते मृग लागण्यापूर्वी भरून घ्यायचे आहे. पायाचे खोदकाम ३ दिवसांचे आणि त्यावर रोज ४ माणसे. मग चिऱ्याचा पाया ५ दिवस, रोज ४ माणसे. मग भर घालून धुमसणे ४ दिवस, रोज ५ माणसे. ही साखळी १२ दिवसांची आहे आणि तीच क्रिटिकल आहे, म्हणजे तिच्यात एक दिवस उशीर झाला तर पूर्ण काम एक दिवस लांबते. तिच्या जोडीला कुंपणाचा गडगा आहे. त्याचा चर खणायला ३ दिवस ४ माणसे लागतात आणि चर झाल्यावर गडगा रचायला ४ दिवस ३ माणसे; हे सगळे ७ दिवसांत होत असल्याने या जोडीला ५ दिवसांचा फ्लोट मिळतो, म्हणजे मुदत न हलवता ती तेवढे दिवस पुढे सरकवता येते. शेवटचे काम सेप्टिक टाकीच्या खड्ड्याचे, ३ दिवस ४ माणसांचे. पायाची पातळी कळल्याशिवाय पाइपाचा उतार ठरत नाही, म्हणून ते खोदकाम संपल्यावर चौथ्या दिवसापासून घेता येते आणि त्याला ६ दिवसांचा फ्लोट आहे.

सगळी कामे लवकरात लवकर सुरू केली तर पहिले ३ दिवस ८ माणसे लागतात, पुढचे ३ दिवस ११, सातव्या दिवशी ७, आठव्या दिवशी ४ आणि शेवटचे ४ दिवस ५. आता वरचा सल्ला शब्दशः पाळून पाहू. चर सहाव्या ते आठव्या दिवसावर जातो, गडगा नवव्या ते बाराव्यावर आणि खड्डा दहाव्या ते बाराव्यावर. पहिले ५ दिवस ४ माणसांत भागते, पुढचे ४ दिवस ८ लागतात आणि अखेरच्या ३ दिवसांत थेट १२. म्हणजे ११ चा उंचवटा गेला आणि त्याच्या जागी १२ चा आला, तोही कामाच्या अगदी शेवटी. फ्लोट असलेली सगळी कामे एकाच बाजूला सरकवली तर गर्दी फक्त जागा बदलते, कारण ती कामे एकमेकांवर जाऊन पडतात. सपाटी हवी असेल तर त्यांना एकमेकांपासून वेगळे करावे लागते.

या उदाहरणात त्यासाठी एकच काम हलवणे पुरते. चर पहिल्या ३ दिवसांतच राहू द्यावा, खड्डा चौथ्या ते सहाव्या दिवशीच घ्यावा आणि फक्त गडगा चौथ्या दिवसाऐवजी सातव्या दिवशी सुरू करावा. मग पहिले ६ दिवस ८ माणसे, सातव्या-आठव्या दिवशी ७, नवव्या-दहाव्या दिवशी ८ आणि शेवटचे २ दिवस ५ असा आकडा येतो. गडगा दहाव्या दिवशी संपतो आणि पाचपैकी २ दिवसांचा फ्लोट हातात उरतो. नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तेव्हा प्रत्येक दिवसाच्या आकड्याचा वर्ग करून बेरीज घ्यावी. एकूण माणूस-दिवस तिन्ही मांडण्यांत तेवढेच असल्याने ही बेरीज जितकी कमी तितकी मागणी समान. लवकरच्या तारखांना ती ७२० येते, उशिराच्या तारखांना ७६८ आणि गडगा सरकवल्यावर ६६०. एकेक काम एकेक दिवस पुढे सरकवायचे, दर वेळी ही बेरीज पाहायची आणि ती सर्वांत कमी येते तिथे ते काम ठेवायचे, एवढीच ही पद्धत आहे.

मजुरी वाचण्याबद्दल थोडक्यात सांगतो. सहाही कामांचे मिळून ८८ माणूस-दिवस होतात आणि कामे कुठेही सरकवली तरी ते ८८ च राहतात. फरक पडतो तो बसून राहणाऱ्या माणसांच्या पगारात आणि ऐनवेळच्या धावपळीत. गडगा सरकवलेल्या मांडणीत ८ जणांची टोळी १० दिवस ठेवून शेवटचे २ दिवस ५ माणसे ठेवली, तर ९० माणूस-दिवसांची मजुरी द्यावी लागते, म्हणजे फक्त २ माणूस-दिवस वाया जातात. ढकललेल्या मांडणीत मुकादमाला आधी ४ माणसे सांगायची, मग ८ आणि अखेरच्या ३ दिवसांसाठी १२. मे अखेरीस आपल्याकडे घरे शाकारणे आणि पेरणीची तयारी एकाच वेळी येते, तेव्हा ३ दिवसांसाठी ४ जादा माणसे मागितल्या दराने मिळत नाहीत आणि पुष्कळदा मिळतच नाहीत.

मुदतीला धक्का लागत नाही, हे विधान मला सर्वांत घातक वाटते. सगळी कामे शेवटच्या तारखांना गेली की एकाही कामाचा फ्लोट उरत नाही, म्हणजे कागदावर एक असलेला क्रिटिकल पाथ प्रत्यक्षात सगळीकडे पसरतो. दहाव्या दिवशी वळवाची एक सर आली आणि खड्ड्यात पाणी साचून एक दिवस गेला, तरी पूर्ण काम १३ दिवसांचे होते. शिवाय त्या खड्ड्यातून निघणारी माती जोत्याच्या भरीला वापरायची असते. भर नवव्या दिवशी सुरू होते आणि खड्डा दहाव्या दिवशी, म्हणजे सुरुवातीची भर विकत आणावी लागते. कामांचा क्रम बाणांनी दाखवणाऱ्या नेटवर्कच्या आकृतीत खड्ड्यापासून भरीकडे जाणारा हा बाण कोणी काढलेला नसतो, म्हणून फ्लोट मोठा दिसतो.

याच ठिकाणी आणखी एक चूक होते. तक्त्यात चरासमोर ५ आणि गडग्यासमोरही ५ लिहिलेले असते, म्हणून दोन्ही कामे पाच-पाच दिवस पुढे नेता येतील असे वाटते. तो ५ दिवसांचा फ्लोट दोघांचा मिळून आहे. चर ५ दिवस उशिरा घेतला तर गडग्याला एकही दिवस राहत नाही. म्हणून कोणतेही काम सरकवल्यावर त्याच्या पुढच्या कामांच्या तारखा पुन्हा काढाव्यात. तसे केले नाही तर ही चूक गवंडी रिकामा उभा राहतो त्या सकाळीच कळते.

आता माझ्याच मांडणीची मर्यादा सांगतो, कारण ८ चा आकडा सगळ्या माणसांना सारखे मानून काढला आहे. चिऱ्याच्या पायावर ४ पैकी २ गवंडी असतील आणि गडग्यावर ३ पैकी १, तर सातव्या-आठव्या दिवशी ३ गवंडी हवेत. हाताशी दोनच असतील तर गडगा नवव्या दिवसाआधी सुरू होत नाही, तो बाराव्या दिवशी संपतो, फ्लोट शून्य होतो आणि सातव्या-आठव्या दिवशी मागणी ४ वर घसरते. वर्गांची बेरीज तेव्हा ६७२ होते, ती ६६० पेक्षा थोडी वाईट पण लवकरच्या तारखांपेक्षा बरी. म्हणून गवंडी आणि बिगारी यांचे आकडे वेगवेगळ्या ओळींत मांडावेत.

मुकादमाने रोज सातच माणसे मिळतील असे सांगितले, तर १२ दिवसांत ८४ माणूस-दिवस होतात आणि काम ८८ चे आहे. तेव्हा फ्लोटच्या आत कितीही सरकवासरकव केली तरी जमणार नाही. मुदत निदान एक दिवस वाढवावी लागेल किंवा गडग्याचा काही भाग पावसानंतर घ्यावा लागेल, आणि हे मालकाला पहिल्या कुदळीआधी सांगावे.