लिस्बनहून आणलेल्या आरोपीवर मुंबईत कोणते खटले चालतात?

"अबू सालेमला आणून इतकी वर्षं झाली. एकदा हातात आला की आपला कायदा, हवं ते कलम लावा! मग फाशी का नाही? तर आपल्याच सरकारने पोर्तुगालला भिऊन २५ वर्षांची सवलत दिली. बरं, त्या देशात टाडा कायदाच नाही, मग टाडाच्या आरोपीला त्यांनी पाठवला तरी कसा? सगळं राजकारण. आणि अट मोडली असती तर पोर्तुगाल काय मुंबईवर आरमार धाडणार होता?"

आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मजकूर दर बारा मार्चला फिरतो. मी वकील आहे, म्हणून खाली "काका, हे खरं का?" असं कुणी ना कुणी विचारतंच. जिन्यात उभं राहून दोन मिनिटांत देण्यासारखं हे उत्तर नाही. शेवटचा टोमणा आरमाराचा आहे, पण गुंतागुंत मधल्या वाक्यांत आहे. म्हणून आधी टाडाचं, म्हणजे तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याचं बघू.

प्रत्यार्पणाच्या अर्जावर परदेशी न्यायालय आपल्या कायद्याचं नाव बघत नाही, कृत्य बघतं. आरोपीने जे केलं ते आमच्याकडे केलं असतं तर गुन्हा झाला असता का, आणि त्याला पुरेशी शिक्षा असती का, एवढाच त्याचा प्रश्न असतो. वकील याला ड्युअल क्रिमिनॅलिटी म्हणतात, मराठीत दुहेरी गुन्हेगारिता म्हणू. १२ मार्च १९९३ ला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली, आणि सालेम त्या कटातला आरोपी. त्या कटासाठी स्फोटकं आणि शस्त्रं आणणं, माणसं मारण्याचा कट करणं हा लिस्बनमध्येही गुन्हाच आहे. टाडा हे आपण त्यावर चिकटवलेलं लेबल.

हीच कसोटी लंडनला नीरव मोदीच्या प्रकरणात लागली. पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टातल्या ब्रॅडी हाउस शाखेतून फसवणुकीने हमीपत्रं निघाली, आणि आपल्याकडे गुन्हा भारतीय दंड संहितेखाली, भ्रष्टाचारविरोधी कायद्याखाली आणि मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली नोंदला गेला. वेस्टमिन्स्टरच्या न्यायाधीशांनी २०२१ मध्ये आपली कलमं इंग्रजी कलमांशी जुळवत बसायचं कारण नव्हतं. असं वागणं इंग्लंडमध्ये फसवणुकीचा कट ठरेल का, हे त्यांनी पाहिलं आणि ठरेल असं मानलं.

ही कसोटी उलटही फिरते. चेक बाउन्स हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इंग्लंडमध्ये नुसता चेक वटला नाही हा गुन्हा नाही. तेव्हा फक्त तेवढ्यासाठी लंडनला पळालेला माणूस आपल्याला मिळणार नाही. पण खात्यात पैसे नाहीत हे माहीत असताना, फसवायच्या हेतूने चेक देऊन त्याने माल उचलला असं कागदांवरून दिसलं, तर तेच कृत्य तिथल्या फसवणुकीच्या गुन्ह्यात बसतं. म्हणून विनंतीच्या मसुद्यात कलमांच्या यादीपेक्षा घटनाक्रम महत्त्वाचा. आपले काही अर्ज इथेच फसतात. कलमं ढीगभर लिहिलेली असतात, आणि या माणसाने कोणत्या दिवशी नेमकं काय केलं हे मोघम राहतं.

आता ती 'भ्याड सवलत'. पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्ये बंद केली आणि जन्मठेप १८८४ मध्ये. तिथे जास्तीत जास्त शिक्षा २५ वर्षं. त्यांच्या राज्यघटनेप्रमाणे, ज्या गुन्ह्याला मागणाऱ्या देशात फाशी आहे त्यासाठी माणूस सोपवता येत नाही, आणि जन्मठेपेसाठीही हमी लागते. सप्टेंबर २००२ मध्ये सालेम लिस्बनला पकडला गेला तेव्हा आपला पोर्तुगालशी स्वतंत्र प्रत्यार्पण करारही नव्हता. दहशतवादी बॉम्बस्फोटांविरुद्धच्या १९९७ च्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन, १३ डिसेंबर २००२ ला अधिसूचना काढून आपण आपला प्रत्यार्पण कायदा पोर्तुगालला लागू केला. चार दिवसांनी तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली: फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैदही नाही. ही हमी दिली नसती तर सालेम तिथेच राहिला असता. म्हणजे पर्याय दोनच होते, २५ वर्षं किंवा शून्य. याला सवलत म्हणायचं की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावं.

फाशीबद्दल तर पोर्तुगालवर राग काढायचं कारणच नाही. आपल्याच १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्यात ३४-सी हे कलम आहे, १९९३ च्या दुरुस्तीने आलेलं. ज्या देशाच्या कायद्यात त्या गुन्ह्याला फाशी नाही, त्या देशाने आरोपी सोपवला, तर फाशीयोग्य गुन्ह्यासाठीही त्याला फक्त जन्मठेप देता येते. ही तरतूद आपल्या संसदेने केली. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये टाडा न्यायालयाने त्याच खटल्यातल्या दोन आरोपींना फाशी आणि सालेमला जन्मठेप दिली, त्यावर वर्तमानपत्रं वाचून लोक चक्रावले होते. कायदा वाचलेल्याला त्यात धक्का नव्हता.

खरा गुंता 'हवं ते कलम' इथे आहे. कुठल्या कृत्यांसाठी माणूस पाठवायचा हे त्या देशाने एकेक करून तपासलेलं असतं. तो इथे आल्यावर आपण तिसऱ्याच गुन्ह्यासाठी खटला चालवला, तर ती सगळी तपासणी फुकट जाते, मग दुहेरी गुन्हेगारितेलाही अर्थ उरत नाही. म्हणून नियम असा की ज्यासाठी सोपवला त्याच्यासाठीच चालवायचं. याला स्पेशॅलिटीचा नियम म्हणतात. आपल्या कायद्याचं कलम २१ तेच सांगतं, आणि तीन वाटा उघड्या ठेवतं. एक, ज्या गुन्ह्यासाठी सोपवला तोच. दोन, सोपवताना सिद्ध झालेल्या तथ्यांमधूनच निघणारा कमी गंभीर गुन्हा. तीन, त्या देशाने नंतर संमती दिली तर दुसरा गुन्हाही. या खेरीज, त्या देशाकडे परतायची संधी मिळूनही माणूस इथेच राहिला, तर बंधन सुटतं. आणि इथे आल्यावर केलेल्या नव्या गुन्ह्याला हे कवच मुळीच नाही. आर्थर रोडच्या कोठडीत बसून कुणी खंडणी मागितली तर त्या गुन्ह्यासाठी लिस्बनला पत्र पाठवायची गरज नाही.

भांडण दुसऱ्या वाटेवरून झालं. आपण नऊ प्रकरणांसाठी मागणी केली, पोर्तुगालने आठ मान्य केली. सालेम ११ नोव्हेंबर २००५ ला मुंबईत आला. नंतर स्फोट खटल्यात त्याच्यावर मूळ कटाखेरीज टाडाची आणखी कलमं आणि स्फोटकांच्या कायद्याची कलमं लागली. ती मान्यतेच्या यादीत नव्हती. सालेम सर्वोच्च न्यायालयात गेला. १० सप्टेंबर २०१० ला न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला: ही कलमं त्याच तथ्यांमधून निघतात, त्यांची शिक्षा मूळ गुन्ह्याहून कमी आहे, तेव्हा कलम २१ च्या दुसऱ्या वाटेत बसतात.

लिस्बनमध्ये मात्र न्यायाधीशांनी हे मानलं नाही. सप्टेंबर २०११ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने भारताने अट मोडली असं म्हणत सालेमचं प्रत्यार्पणाचं परवानापत्रच रद्द ठरवलं. जानेवारी २०१२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. म्हणजे एकाच कागदाचे दोन अर्थ, एक मुंबईत आणि एक लिस्बनमध्ये, आणि दोन्ही न्यायालयांनी आपापल्या जागी प्रामाणिकपणे वाचलेले. माझं मत विचाराल तर कलम २१ चं आपलं वाचन कागदावर टिकतं, पण दुसऱ्या देशाने सोपवताना काय समजून सही केली याचा विचार आपण आधीच करायला हवा होता. शेवटी सीबीआयनेच वाढीव आरोप मागे घ्यायची परवानगी मागितली आणि ५ ऑगस्ट २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती दिली. मूळ खटला तसाच चालू राहिला.

इथेच आरमाराचा प्रश्न सुटतो. पोर्तुगालच्या न्यायालयाचा निकाल आपल्या न्यायालयावर बंधनकारक नव्हता, कुणी मुंबईवर चाल करून येणार नव्हतं. पण दुसऱ्या कुठल्या देशात बसलेल्या आरोपीचा वकील न्यायाधीशासमोर हाच निकाल ठेवतो आणि म्हणतो, 'यांची हमी घेऊन काय करणार?' असा एकच युक्तिवाद पुढच्या दहा अर्जांना पुरतो.

नियम मोडला की नाही हे बाहेरून ओळखायचं असेल तर उपाय साधा आहे. सोपवण्याच्या आदेशातली कृत्यं आणि कलमं एका कागदावर लिहा, न्यायालयाने ठेवलेले आरोप शेजारच्या कागदावर. उजवीकडे जे जास्तीचं दिसेल, ते त्याच तथ्यांमधून निघतं का आणि शिक्षेने हलकं आहे का, हे तपासा. यातलं एक जरी उत्तर 'नाही' आलं की संमतीचं पत्र मागा. ते पत्रही नसेल तर मग भांडण ठरलेलं. सालेमची फाइल अशी चाळली की स्फोट खटल्यातला वादाचा भाग दिसतो. १९९५ च्या बिल्डर खुनाच्या खटल्यात फेब्रुवारी २०१५ ला झालेली त्याची जन्मठेप हे वेगळं प्रकरण आहे.

आणि जन्मठेप दिली म्हणजे २५ वर्षांचं वचन संपलं, असंही ग्रुपवरचे काहीजण म्हणतात. तसं नाही. हमी कार्यकारी सरकारची होती, न्यायालयाची नव्हती, म्हणून न्यायालय कायद्याने जी शिक्षा बसते ती देऊ शकलं. पण ११ जुलै २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की २५ वर्षं पुरी झाली की केंद्र सरकारने अनुच्छेद ७२ खाली राष्ट्रपतींना सुटकेचा सल्ला द्यायलाच हवा, आणि त्यासाठीची कागदपत्रं महिन्याभरात पुढे पाठवायची. लिस्बनच्या तुरुंगातले दिवस यात धरले जाणार नाहीत, कारण ते बनावट कागदपत्रांसाठी त्या देशाने दिलेल्या शिक्षेचे होते. केंद्रीय गृहसचिवांच्या प्रतिज्ञापत्रात २५ वर्षं भरण्याची तारीख १० नोव्हेंबर २०३० आहे.