रडल्यानंतरचे पंधरा दिवस

आपण रडत असताना जोडीदार काय बोलतो, यावरून लोक त्याची पारख करतात. मला ती अर्धवट वाटते. त्या क्षणी भले भले गडबडतात. खरं काय ते पुढच्या पंधरवड्यात कळतं.

माझ्या एका मैत्रिणीच्या छातीत गाठ लागली. आईला स्तनाचा कॅन्सर झालेला, त्यामुळे बायोप्सीच्या रिपोर्टची वाट बघताना तिची झोपच उडाली. रात्री नवऱ्याला सांगताना रडू फुटलं. तो म्हणाला, "काही नसतं गं, उगाच डोक्यात घेऊ नकोस," आणि मोबाइलवर डॉक्टर शोधायला लागला. ती गप्प झाली. सकाळी चहा घेताना मात्र तिने सांगून टाकलं, "काल मला डॉक्टर नको होता रे, तू जवळ बसायला हवा होतास." तो ओशाळला. "मीच घाबरलो होतो, काय बोलू सुचेना." रिपोर्टच्या दिवशी त्याने आपणहून रजा टाकली आणि तिचा हात धरून बसून राहिला. गाठ साधी निघाली.

हात धरल्याने नेमकं काय होतं, याचा एक प्रयोग झालाय. 2006 मध्ये जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी 16 विवाहित स्त्रियांना एमआरआय मशीनमध्ये झोपवलं आणि विजेचा झटका बसू शकतो, असं सांगितलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ कमी झाली. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला, पण नवऱ्याच्या हाताइतका नाही. आणि जिचं नवऱ्याशी जास्त पटत होतं, तिला तो हात जास्त लागू पडला. प्रयोग छोटा होता, पण मला पटतो.

आता दुसरी ओळखीतली. नोकरी जाईल की काय, म्हणून ती रडली. नवऱ्याने डोळे पुसले, पाणी आणून दिलं. अगदी आदर्श! आठवड्याने सासूबाई फोनवर म्हणाल्या, "एवढं कसलं टेन्शन घेतेस?" म्हणजे गोष्ट तिकडे पोचलेली. महिन्याभराने पैशांवरून वाद झाला, तर हा म्हणतो, "तुझ्या नोकरीची तुलाच खात्री नाही, मला काय शिकवतेस?" तिने ते बोलून दाखवलं, तर दोन दिवस रुसला आणि शेवटी तिलाच त्याची मनधरणी करावी लागली. आता ती बाथरूममध्ये नळ सोडून रडते. तो सगळ्यांना सांगतो, आमच्यात भांडणंच होत नाहीत.

एखाद्या रात्री कानाडोळा झाला म्हणून लगेच निकाल लावू नये. दमून आलेला माणूस "आत्ता डोकं चालत नाहीये, जेवल्यावर बोलू" म्हणाला, तर त्यात काही वावगं नाही. फक्त जेवण झाल्यावर तो विषय कोण काढतं, ते बघा. दर वेळी आपल्यालाच काढावा लागत असेल, तर ती नुसती टाळाटाळ.

आणि बायकांनो, नवरा रडला तर "पुरुषासारखा पुरुष असून!" म्हणणाऱ्या आपल्यातही आहेत. भांडणात त्याचं रडणं काढणाऱ्याही.