९४० डॉलरचे ६९,८२४ रुपये ५५ पैसे होतात कसे?

फ्रीलान्सरांच्या कुठल्याही ग्रुपवर ही तक्रार ठरलेली असते. "बिल एवढ्याचं, गूगलवर दर एवढा, गुणाकार केला तर एवढे व्हायला हवेत, मग खात्यात एवढेच का?" खाली उत्तरंही ठरलेली: प्लॅटफॉर्म लुटतो, नाहीतर बँक लुटते. माझं म्हणणं असं की कोण लुटतंय ते नंतर ठरवू, आधी फरकाचे तुकडे करू. डॉलरमध्ये कापलेले पैसे वेगळे आणि रुपये करताना गेलेले पैसे वेगळे. हे दोन एकाच ढिगात टाकले की हिशेब कधीच जुळत नाही, कारण पहिल्याला दर लागत नाही आणि दुसऱ्याला दराशिवाय अर्थ नाही.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. दर उदाहरणापुरते धरलेत, पद्धत खरी आहे.

प्लॅटफॉर्मवरच्या एकाच विथड्रॉवलमध्ये तीन गोष्टी आल्यात: एका क्लायंटचा ६०० डॉलरचा माइलस्टोन, दुसऱ्याचे साडेचौदा तास २० डॉलरने म्हणजे २९०, आणि ५० डॉलर बोनस. एकूण ९४०. प्लॅटफॉर्मची फी १० टक्के धरली तर ९४ डॉलर. या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६.९२. राहिले ८२९.०८. पैसे काढण्याची फी ०.९९ डॉलर, म्हणजे रूपांतराला गेले ८२८.०९. इथपर्यंत सगळं डॉलरमध्ये आहे आणि सेंटपर्यंत जुळायलाच हवं. "साधारण जुळतंय" म्हणून पुढे जाऊ नका.

आता रुपये. खात्यात आले ६९,८२४.५५. त्याला ८२८.०९ ने भागा, उत्तर येतं ८४.३२. हा तुम्हाला मिळालेला खरा दर. समजा त्या दिवशीचा संदर्भ दर ८५.६० होता. फरक डॉलरमागे १ रुपया २८ पैसे, म्हणजे ८२८.०९ डॉलरवर १,०५९.९६ रुपये. हा खर्च कुठल्याही स्टेटमेंटवर "फी" म्हणून छापलेला नसतो. तो दरातच मुरलेला असतो, आणि म्हणूनच तो शोधावा लागतो.

संदर्भ दराने ९४० डॉलरचे ८०,४६४ रुपये झाले असते. हातात आले त्यापेक्षा १०,६३९.४५ कमी. त्यात प्लॅटफॉर्मची फी ८,०४६.४०, त्यावरचा जीएसटी १,४४८.३५, पैसे काढण्याची फी ८४.७४ आणि दरातली तूट १,०५९.९६. बेरीज करून बघा, एका पैशाच्या आत बसते. एकूण गळती १३.२२ टक्के, आणि सगळ्यात मोठा वाटा फीचा. तरी लोक भांडतात ते ०.९९ डॉलरवरून, कारण तेवढाच एक आकडा पडद्यावर वेगळा दिसतो.

शीटमध्ये एकच सूत्र खरं महत्त्वाचं. G मध्ये रूपांतराला गेलेले डॉलर, H मध्ये खात्यात आलेले रुपये:

```
=ROUND(H2/G2,4)
```

दराचा रकाना हाताने कधीही भरू नका. गूगलवरचा दर टाकून रुपये काढायचे आणि मग बँकेशी जुळवायला बसायचं, ही उलटी गंगा आहे. रुपये बँकेतून घ्या, डॉलर प्लॅटफॉर्मवरून घ्या, दर आपोआप निघेल. शेजारच्या रकान्यात तुलनेसाठी एफबीआयएल या दर जाहीर करणाऱ्या संस्थेचा संदर्भ दर ठेवा. मुंबईतल्या कामकाजाच्या प्रत्येक दिवशी तो जाहीर होतो आणि जुन्या तारखांचाही मिळतो. सुट्टी असेल तर आदल्या कामकाजाच्या दिवसाचा घ्या. तारीख मात्र विथड्रॉवलचं बटण दाबल्याची धरा, पैसे खात्यात पडल्याची नव्हे. बहुतेक वेळा दर तिथेच पक्का होतो.

आता न जुळणारी प्रकरणं. सगळ्यात नेहमीचं म्हणजे हिशेबाने ८२९.०८ हवेत आणि बॅलन्स दाखवतो ८२२.००. फरक ७.०८. अशा वेळी फरकाला १.१८ ने भागून बघा. ७.०८ भागिले १.१८ बरोबर ६.००. इतका नेमका आकडा आला की समजायचं, जीएसटीसकट कुठलीतरी फी बॅलन्समधूनच गेली आहे. प्रस्ताव पाठवायला घेतलेली क्रेडिट्स किंवा मासिक सदस्यत्व, हेच बहुधा निघतं. भागून वेडावाकडा आकडा आला तर परतावा शोधा. क्लायंटला परत दिलेल्या रकमेवरची फी प्लॅटफॉर्म तुम्हाला उलट जमा करतो तेव्हा ती वेगळ्या ओळीत, कधी वेगळ्या दिवशीही येते.

एकदोन सेंटांचा फरक असेल तर तो पूर्णांक करण्याचा. फी आणि जीएसटी हे दोन्ही प्रत्येक ओळीवर वेगळे मोजून सेंटला गोल केले जातात. ३३.३३ डॉलरवर १० टक्के ३.३३३ होतात, छापतात ३.३३. एका ओळीत जास्तीत जास्त एक सेंट, म्हणून तीन ओळींत तीन सेंटांपर्यंत सोडून द्या. त्यापुढचं सोडू नका.

तुम्ही प्लॅटफॉर्मला जीएसटी क्रमांक दिला असेल तर ती १६.९२ ची ओळ दिसणार नाही. आनंद मानण्याआधी एवढं लक्षात घ्या की कर गेला नाही, भरण्याची जबाबदारी रिव्हर्स चार्जने तुमच्याकडे आली. तो आधी खिशातून पैसे देऊन भरायचा आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं. स्टेटमेंटमध्ये उगमाशी कापलेल्या कराची ओळ असेल तर ती फीच्या रकान्यात ढकलू नका. तो खर्च नाही, आयकर खात्याच्या २६एएस या पत्रकात तुमच्या नावावर जमा दिसला पाहिजे.

प्लॅटफॉर्म नसेल आणि क्लायंट थेट बँकेत वायर करत असेल तर कोडं वेगळं. बिल १,००० डॉलरचं, बँकेच्या ॲडव्हाइसवर ९८२. मधले १८ बहुधा तुमच्या बँकेने घेतलेले नसतात, वाटेतल्या बँकेने कापलेले असतात. क्लायंटकडून MT103 ची, म्हणजे त्याच्या बँकेने पाठवलेल्या स्विफ्ट संदेशाची, प्रत मागा. त्यात 33B मध्ये त्याने पाठवायला सांगितलेली रक्कम असते, 32A मध्ये पुढच्या बँकेकडे प्रत्यक्ष सरकलेली, आणि 71A मध्ये खर्च कोणी सोसायचा ते सांगणारं SHA, OUR किंवा BEN. SHA असेल तर वाटेतला खर्च तुमच्या माथी, BEN असेल तर सगळाच. OUR म्हणजे सगळा खर्च क्लायंटचा, तरीही कपात झाली असेल तर क्लायंटला त्याच्या बँकेकडे विचारता येतं. बिलाच्या करारातच "OUR" लिहून घेणं हा यावरचा साधा उपाय आहे, आणि फारच थोडे लोक तो करतात.

मग रूपांतर. ९८२ डॉलर ८४.९० दराने ८३,३७१.८० रुपये. त्यातून १५०.०७ कापलेले दिसतात, आणि इथे हमखास गोंधळ होतो. "१८ टक्के जीएसटी म्हणजे एवढाच कसा, आणि कशावर?" हा चलन बदलून देण्याच्या सेवेवरचा जीएसटी आहे. सेवेचं मूल्य नियमाने ठरवतात: एक लाखापर्यंत बदललेल्या रकमेच्या १ टक्का, पण किमान २५० रुपये. एक लाखाच्या पुढे दहा लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक वरच्या रकमेच्या अर्धा टक्का. ८३,३७१.८० चा १ टक्का ८३३.७२, त्याचे १८ टक्के १५०.०७. रक्कम २५,००० च्या आत असेल तर हा कर नेहमी ४५ रुपयेच येतो. म्हणून लहान लहान वायर मागवणाऱ्याला हा जास्त टोचतो.

याचा एक छान उपयोग आहे. पुष्कळदा ॲडव्हाइस हाताशी नसतं आणि पासबुकात नुसती जीएसटीची ओळ वेगळी दिसते. १५०.०७ ला ०.१८ ने भागा, ८३३.७२. त्याला १०० ने गुणा, ८३,३७२. ९८२ ने भागा, ८४.९०. बँकेने कोणता दर लावला ते बँकेला न विचारता कळलं. कर ४५ पेक्षा जास्त आणि १८० पर्यंत असेल तेव्हाच हे इतकं सरळ चालतं. १८० च्या पुढे गेलात तर ०.१८ ने भागून आलेल्या आकड्यातून आधी १,००० वजा करून उरलेल्याला ०.००५ ने भागायचं आणि त्यात एक लाख मिळवायचे. २७० रुपये कर दिसला तर ०.१८ ने भागून १,५००, त्यातून १,००० गेले, ५०० राहिले, त्याचे एक लाख, अधिक एक लाख: दोन लाख रुपये बदलले गेले.

८३,३७१.८० मधून हे १५०.०७ वजा केल्यावरही खात्यातली रक्कम कमी असेल तर ती बँकेची आवक रेमिटन्सची फी. २०० रुपये फी म्हणजे जीएसटीसकट २३६, आणि जमा ८२,९८५.७३. १.१८ ने भागायची युक्ती इथेही लागू.

एवढा खटाटोप कशाला, बँकेत आलं तेच उत्पन्न धरू, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना एवढंच दाखवायचं: सेवांसाठी जीएसटी नोंदणीची वीस लाखांची मर्यादा उलाढालीवर मोजतात आणि निर्यातही त्यात धरतात. वरच्या उदाहरणातली १३.२२ टक्क्यांची गळती वर्षभर चालली तर बँकेत साधारण १७ लाख ३६ हजार येतात तेव्हाच उलाढाल वीस लाखांना टेकलेली असते. पासबुक बघून निवांत बसलेला माणूस मर्यादा ओलांडून गेलेला असतो. आयकराच्या ४४एडीए कलमाखाली, म्हणजे निम्मी रक्कम उत्पन्न धरून, विवरण भरणाऱ्यांचंही तेच. पन्नास टक्के मोजायचे ते एकूण येण्यावर, फी वजा करून उरलेल्यावर नाही. वरून फी पुन्हा खर्च म्हणून दाखवता येत नाही, कारण ती उरलेल्या पन्नास टक्क्यांतच धरलेली आहे.

आणखी एक गोष्ट मार्चमध्ये चावते. बहुतेक प्लॅटफॉर्मची स्टेटमेंट UTC वेळेत असतात, आपण साडेपाच तास पुढे. ३१ मार्चला UTC रात्री आठ वाजताचा व्यवहार आपल्याकडे १ एप्रिलच्या पहाटे दीड वाजता पडतो. शीटमध्ये तारखेचे दोन रकाने ठेवा, प्लॅटफॉर्मची वेगळी आणि बँकेची वेगळी. नाहीतर वर्षाच्या काठावरचा एक व्यवहार दोन्ही वर्षांत मोजला जातो, किंवा एकाही वर्षात नाही.

प्लॅटफॉर्मचे पैसे पुष्कळदा देशातल्याच एखाद्या भागीदार खात्यातून एनईएफटीने येतात, आणि पासबुकात ती नोंद अगदी देशी वाटते. परकीय चलन आल्याचा पुरावा, म्हणजे एफआयआरए, तेव्हा तुमची बँक देत नाही, पैसे पाठवणाऱ्या पेमेंट कंपनीकडून घ्यावा लागतो. तो हातात आला की त्यावरचे रुपये H रकान्याशी ताडून बघा. एकाच दिवशी दोन विथड्रॉवल केले असतील तर कधी कधी त्यावर दोघांची बेरीज असते, आणि दोन ओळींपुढे एकच क्रमांक लिहावा लागतो.