‘आकडे फेकता’ म्हणणाऱ्या वाचकांस

यूट्यूबवर आपला एक व्हिडिओ प्रेक्षकाला आपल्याच पुढच्या व्हिडिओकडे नेतो का, हे एंड स्क्रीनवरून, म्हणजे शेवटी येणाऱ्या पुढच्या व्हिडिओच्या चौकटीवरून, कसं तपासायचं यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची ही प्रतिक्रिया.

प्रतिक्रिया: “शेवटपर्यंत थांबलेले लोक तसेही पुढचा व्हिडिओ पाहणारच असतात. एंड स्क्रीनच्या क्लिक रेटवरून तुमच्या व्हिडिओने त्यांना पुढे नेलं हे कसं ठरतं? आणि सजेस्टेडमधून गेलेल्यांचं काय? उगाच आकडे फेकून नवख्यांची दिशाभूल करू नका.”

उत्तर: मतभेद चालतील हो, पण ‘आकडे फेकून’? मी नारायण पेठेत लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी एडिट करायचो. लोक कुठे कंटाळून उठतात, हे तेव्हा पाहुण्यांच्या दिवाणखान्यात बसून पाहिलंय. असो.

सजेस्टेडचा, म्हणजे यूट्यूब स्वतः सुचवतं त्या व्हिडिओंचा, मुद्दा लेखात राहिला, तेवढं मान्य. यूट्यूब स्टुडिओत पुढच्या व्हिडिओच्या ट्रॅफिक सोर्समध्ये ‘सजेस्टेड व्हिडिओ’ उघडा. कुठल्या व्हिडिओवरून लोक आले याची यादी दिसते, त्यातली आपल्या व्हिडिओची ओळ धरा. झालं.

आता ते ‘तसेही पाहणारच’. लेख नीट वाचला असतात तर दिसलं असतं, की मी नुसत्या क्लिक रेटवर थांबलोच नव्हतो. तो दर एंड स्क्रीन जितक्यांदा दिसली तेवढ्यावरच काढलेला असतो, सगळ्या व्ह्यूंवर नव्हे. माझ्या राजगडाच्या व्हिडिओचं गणित सोप्या आकड्यांत मांडतो. समजा १००० व्ह्यू, एंड स्क्रीनपर्यंत पोचले २५०, क्लिक २०. स्टुडिओ ८ टक्के दाखवणार. तोरण्याचा व्हिडिओ: १००० व्ह्यू, पोचले ६००, क्लिक ३०. स्टुडिओत ५ टक्केच. राजगड भारी वाटतो, पण हजारातून पुढे गेले राजगडावरून २० आणि तोरण्यावरून ३०. म्हणजे शेवटपर्यंत थांबणाऱ्यांचा तुमचा आक्षेप मी भागाकारातच धरला होता.

आणि राजगडावर लोक का गळाले, तेही सांगतो. एंड स्क्रीन शेवटच्या ५ ते २० सेकंदांतच लावता येते. मी त्याच्या बऱ्याच आधी “तर मित्रांनो, आजच्यासाठी एवढंच” म्हणून मोकळा होत होतो. रिटेन्शनच्या, म्हणजे कुठल्या क्षणापर्यंत किती लोक टिकले याच्या, आलेखात त्या वाक्यावर रेघ कड्यावरून पडावी तशी खाली येते. तोरण्याला निरोप घेतलाच नाही. बुधला माचीवर उभा राहून समोर राजगड दाखवला, “तिथे जायची वाट अशी” म्हणालो आणि त्याच क्षणी पुढच्या व्हिडिओची चौकट आली. माणसं तीच, सवयी त्याच. मग ‘तसेही पाहणारच’ होते ते राजगडावर कुठे गेले होते?

माझ्याकडून उठून दुसऱ्याच्या चॅनेलवर गेलेला प्रेक्षक मला दिसत नाही. त्याचं पूर्ण सेशन यूट्यूबकडे असतं, चॅनेलवाल्याला मिळत नाही. हे मी लिहिलं होतं, तुम्ही बहुधा तिथपर्यंत थांबला नाहीत.

आणि कडक पुरावाच हवा असेल, तर निम्म्या प्रेक्षकांना एंड स्क्रीन दाखवायची, निम्म्यांना नाही, आणि मग तुलना करायची. स्टुडिओत ती सोय नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा, फक्त जरा बऱ्या भाषेत.